एक खोली, दोन इयत्ता

खेड्यातल्या एखाद्या लहान शाळेत आपण कधी डोकावला असाल, तर एक दृश्य आपल्या ओळखीचे असेल. खोली एक, शिक्षक एक, आणि समोर दोन इयत्ता. डाव्या हाताला तिसरीची चौदा मुले, उजव्या हाताला चौथीची अकरा. गुरुजी तिसरीला वजाबाकी शिकवीत आहेत आणि चौथीला त्यांनी सांगितले आहे, "तुम्ही तोपर्यंत धडा उतरवून काढा." आमच्या बोलीत अशा वर्गाला जोडवर्ग म्हणतात. ही काही एखाद्या आडवळणाच्या गावाची अडचण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असे प्रमाण आहे, आणि शाळेत इयत्ता तर चार किंवा पाच असतात. तेव्हा लहान गावात जोडवर्ग हा अपवाद नसून नियमच आहे, मग ते गाव कोकणातले असो, विदर्भातले असो की महाराष्ट्राबाहेरचे असो.

मी अशा वर्गावर पुष्कळ वर्षे काढली. पहिली काही वर्षे माझ्या हातून एकच चूक रोज होत होती. मी माझ्या शिकवण्याचे टाचण काढीत असे, पण मी ज्या वर्गाकडे पाठ करून उभा असे, त्या वर्गाच्या वेळेचे टाचण काढीत नसे. शाळेचे पाच तास धरले, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षक फार तर अडीच तास येतो. ते अडीच तास मी मन लावून शिकवीत होतो. उरलेल्या अडीच तासांत मुले धडा उतरवीत होती, म्हणजे हात चालत होता आणि डोके स्वस्थ होते. वर्षाचा हिशेब केला तेव्हा ध्यानात आले की, निम्मे वर्ष आपण मुलांना केवळ गप्प बसवण्यात घालवले आहे. त्या दिवसापासून मी टाचणाचा क्रम उलटा केला. शिक्षक जवळ नसताना मुले काय करतील हे आधी लिहायचे, आणि शिक्षक काय शिकवील हे मागाहून.

त्यासाठी पहिला नियम असा की, दोन्ही इयत्तांना नवा पाठ एकाच वेळी द्यायचा नाही. नव्या पाठाला शिक्षकाचा आवाज लागतो. काल शिकलेल्याच्या सरावाला तो लागत नाही. म्हणून एका बाजूला बोलका पाठ असेल तर दुसऱ्या बाजूला मुका पाठ असावा. दुसरा नियम असा की, मुक्या पाठाचे उत्तर बरोबर की चूक हे मुलाला स्वतःला पडताळून पाहता आले पाहिजे. तसे नसेल, तर दर दोन मिनिटांनी एक पाटी आपल्यासमोर येते, "गुरुजी, हे बरोबर आहे का?" आणि बोलका पाठ तिथेच तुटतो.

आता गणिताचा एक तास आपल्यासमोर प्रत्यक्षच मांडतो, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल.

अकराला तास सुरू होतो. त्यापूर्वीच, शाळा भरायच्या आधी, दोन फळ्यांवर दोन्ही इयत्तांची उदाहरणे लिहून ठेवलेली असतात. फळे समोरासमोरच्या भिंतींवर असतात आणि मुले एकमेकांकडे पाठ करून बसतात. एकाच भिंतीकडे तोंड करून दोन्ही वर्ग बसले, की ज्याला काम कंटाळवाणे वाटते त्याचे लक्ष शेजारच्या पाठाकडे जाते. पहिली पाच मिनिटे मात्र दोन्ही वर्ग एकत्र. मी एक संख्या सांगतो, समजा चाळीस. तिसरीने तिच्यातून दहा दहा कमी करीत जायचे, आणि चौथीने कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने चाळीस होतात ते शोधायचे. संख्या एकच, प्रश्न दोन.

नंतरची पाच मिनिटे चौथीला काम समजावून देण्याची. त्यांना काल दोन अंकी संख्येने गुणणे शिकवलेले आहे, आज तशी सहा उदाहरणे फळ्यावर आहेत. उत्तरे एका पाकिटात घालून खिडकीत ठेवलेली असतात. सहाही उदाहरणे झाल्यावरच पाकीट उघडायचे. उत्तर जुळले नाही तर खोडायचे नाही, त्याभोवती गोल करायचा. या पाच मिनिटांत तिसरीची मुले रिकामी नसतात. ती आपापल्या डब्यातून दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या काढून मांडीत असतात.

आता वीस मिनिटे तिसरीची. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आहेत. सात सुट्या काड्या द्यायच्या, पण जवळ दोनच आहेत. मग एक गठ्ठा सोडावा लागतो. चार गठ्ठे राहिले आणि सुट्या बारा झाल्या. बारांतून सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. उत्तर पंचवीस. हातचा घेणे म्हणजे काय, हे मुलाच्या बोटांना कळल्यावर मगच ते पाटीवर लिहायचे. लगेच पडताळा शिकवायचा: पंचवीस आणि सत्तावीस मिळवा, बावन्न आले पाहिजेत. हा पडताळा एकदा हाती आला की तिसरीला पाकिटाचीही गरज नाही.

तिसरीला सरावाची सहा उदाहरणे देऊन मी चौथीकडे वळतो, पण लगेच नाही. सर्वांचे पहिले उदाहरण संपेपर्यंत मी जागा सोडीत नाही. या तीन मिनिटांची घाई मी पूर्वी करीत असे आणि तिची किंमत पुढच्या वीस मिनिटांत मोजीत असे. या सहांत एक उदाहरण मुद्दाम हातचा न लागणारे असते, चौऱ्याहत्तरातून एकतीस. आणि एक शून्याचे, ऐंशीतून शेहेचाळीस. सगळीच उदाहरणे एका साच्याची असली की मूल विचार न करता गठ्ठा सोडत सुटते.

चौथीकडे गेल्यावर पुढची वीस मिनिटे कुठे खर्च करायची, हे ते गोल मला सांगतात. चौतीस गुणिले बारा याचे उत्तर कोणी एकशे दोन लिहिले असेल, तर मला पाटी तपासत बसावे लागत नाही. चौतीस दाहे तीनशे चाळीस व्हायला हवे होते, ते त्याने चौतीसच धरले आणि त्यात अडुसष्ट मिळवले. मी त्याला एवढेच विचारतो, "बारा पेट्या आहेत, दर पेटीत चौतीस आंबे. नुसत्या दहा पेट्यांत किती?" तो तीनशे चाळीस म्हणतो, आणि आपले एकशे दोन अशक्य आहे हे त्याचे त्यालाच उमजते. बरोबर उत्तर चारशे आठ. ज्या मुलांच्या पाटीवर एकही गोल नाही, त्यांना मी पुढचा पाठ देतो.

शेवटची सात मिनिटे पाट्यांची. तिसरीला एकच उदाहरण: एकसष्टातून पस्तीस. चौथीला एकच: तेवीस गुणिले चौदा. पाट्या एकदम वर. तिसरीच्या पाटीवर सव्वीसऐवजी चौतीस दिसले, तर ते मूल मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत आहे, मग तो वर असो की खाली. चौथीच्या पाटीवर तीनशे बावीसऐवजी एकशे पंधरा दिसले, तर दशकाचे शून्य पुन्हा हरवले आहे. या मुलांची नावे मी टाचणवहीच्या समासात लिहितो. ती नावे दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी असतात. त्या वेळी दोन्ही वर्ग वाचनाला बसतात आणि मी या चारपाच मुलांना जवळ घेतो.

गणितात तिसरीला आधी घेतले, म्हणून पुढच्या मराठीच्या तासात चौथीला आधी घ्यायचे. नाहीतर एका वर्गाच्या वाट्याला नेहमीच दमलेला शिक्षक येतो. दुपारी परिसर अभ्यास मात्र दोघांना एकत्र. गावच्या आठवडी बाजाराचा विषय घेतला, तर तिसरीने कोणता माल कोठून येतो याची यादी करावी आणि चौथीने त्या गावांचा नकाशा काढावा. असे विषय एकत्र चालतात, कारण त्यांत आधीची पायरी चुकली तरी पुढची चढता येते. गणितात तसे होत नाही, म्हणून तिथे एकत्र पाठाचा मोह धरू नये.

आता एक जुना प्रश्न. मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घ्यावे का? ही कल्पना आपल्याकडचीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाच्या गृहस्थांनी मद्रासजवळ देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली, आपल्या शाळेत मोठ्या मुलांना लहानांवर नेमले, आणि १७९७ साली इंग्लंडात त्याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे मद्रास पद्धती म्हणून ती तिकडे पसरली. माझा अनुभव असा की, चौथीच्या मुलाने तिसरीचे पाढे म्हणून घ्यावेत, शब्द सांगावेत, काड्या मोजून घ्याव्यात. पण गठ्ठा का सोडायचा हे शिकवण्याचे काम त्याच्यावर टाकू नये. त्याला उत्तर माहीत असते, कारण सांगता येत नाही. मग तो ओरडू लागतो. गटप्रमुखाचा आवाज चढला, की माझ्या टाचणात चूक आहे असे मी समजतो. शिवाय ज्याला रोज प्रमुख केले, त्याचा स्वतःचा अभ्यास कोण करणार? म्हणून हे काम आठवड्याने बदलावे.

या रचनेला मर्यादाही आहेत. तिचा सगळा भार मुलांच्या वाचनावर आहे. पहिलीच्या मुलाला फळ्यावरची सूचना वाचताच येत नाही, त्याचा मुका पाठ दहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. त्याला मणी ओवणे, चित्रे जुळवणे, अक्षरे गिरवणे अशी लहान कामे हवीत, आणि शिक्षकाने दर दहा मिनिटांनी परतले पाहिजे. म्हणूनच काही शाळा पहिली आणि दुसरी एकत्र न बसवता पहिलीबरोबर तिसरी बसवतात. निदान एक वर्ग तरी स्वतः वाचू शकतो. त्यात तोटा हा की एकत्र पाठ कमी जुळतात. आणि सहकारी शिक्षक रजेवर गेले, की चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. त्या दिवसासाठी सरावाच्या चिठ्ठ्यांचा एक डबा आधीच भरून ठेवलेला असावा. त्या दिवशी नवे काही शिकवू नये.

आपली योजना साधली की नाही, हे कसे ओळखावे? वर्ग शांत आहे का, यावरून नव्हे. माझी एक साधी खूण आहे. तास चालू असताना आपल्या पाठीमागच्या वर्गातल्या कोणत्याही मुलाला हळूच विचारावे, "हे झाल्यावर तू काय करणार?" त्याने काम सांगितले, तर टाचण बरोबर होते. त्याने "गुरुजी सांगतील ते" असे उत्तर दिले, तर त्या संध्याकाळी टाचणवही पुन्हा उघडावी.