नाणा, नाना आणि नकाशाची ‘आख्यायिका’

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका अभयारण्याच्या पाट्या आणि प्रवेशद्वारावरचा मोठा नकाशा मराठीत करायचे काम आमच्या गटाकडे आले, तेव्हा एक मराठी मसुदा आधीच तयार होता. आम्ही तो फक्त नजरेखालून घालायचा होता. नकाशाच्या कोपऱ्यात रंगांचे आणि खुणांचे अर्थ सांगणारी चौकट असते ना, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘आख्यायिका’ असे छापले होते. इंग्रजीत तिला ‘लेजंड’ म्हणतात, आणि शब्दकोशात लेजंडचा पहिला अर्थ दंतकथा, आख्यायिका असाच मिळतो. शाळेतली मुले भूगोलाच्या पुस्तकातून त्याच चौकटीला ‘सूची’ म्हणायला शिकतात.

ही चूक कुणीही पकडतो, हसतो आणि सुधारतो. तिचा उपद्रव काहीच नाही. मला आज बोलायचे आहे ते हसू न येणाऱ्या चुकांविषयी. त्या पाटीवर नीटनेटक्या बसतात, कुणाला खटकत नाहीत आणि रंग उडेपर्यंत खोटे सांगत राहतात.

त्याच मसुद्यात एका झाडाचे नाव होते ‘नाना’. झाड होते नाणा. ताम्हणाच्या कुळातला, गुळगुळीत फिकट सालीचा, पश्चिम घाटातला ओळखीचा वृक्ष. मग आमच्या लक्षात आले की यादीभर हाच प्रकार आहे. किंजळाचा ‘किंजल’ झाला होता, हिरड्याचा ‘हिर्दा’, पळसाचा ‘पलास’, दयाळ पक्ष्याचा ‘दयाल’. भाषांतर करणाऱ्याला मराठी येत नव्हते असे नाही. गोची अशी की मूळ यादी इंग्रजी अहवालातली होती. त्यात स्थानिक नावे रोमन लिपीत लिहिलेली होती आणि त्यांवरून ती पुन्हा देवनागरीत आणली गेली. मराठी नाव मराठी पाटीवर जाताना मधेच रोमन लिपीत मुक्काम करून आले. त्या मुक्कामात ळ आणि ल, ण आणि न, ड आणि द यांतला फरक पुसला जातो, आणि परतीच्या वाटेवर कुठले अक्षर घ्यायचे ते अंदाजाने ठरते. झाड ओळखणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. संगणकासमोर बसलेल्याला लागतो.

म्हणून आम्ही पहिला नियम केला: नाव रोमनमधून उचलायचे नाही. अहवालातून घ्यायचे ते फक्त शास्त्रीय नाव. ते हातात आले की प्राणी किंवा वृक्ष कोणता हे पक्के होते. मराठी नाव मग मराठी पुस्तकातून आणि मराठी माणसाच्या तोंडून घ्यायचे.

पक्ष्यांच्या बाबतीत याहून मोठा मोह असतो, तो म्हणजे इंग्रजी नावाचेच भाषांतर करण्याचा. एका पाटीवर ‘पौर्वात्य बटू धीवर’ असे नाव होते. वाचणाऱ्याला वाटावे की हा कुणी पुराणातला ऋषी. हा पक्षी म्हणजे तिबोटी खंड्या. इंग्रजीत त्याला हल्ली ओरिएंटल ड्वार्फ किंगफिशर म्हणतात, पूर्वी थ्री-टोड म्हणत. इंग्रजी नाव बदलले, मराठी नाव जागेवरच राहिले, आणि ते अचूकही आहे, कारण बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटे असतात, याच्या पायाला तीनच. तो रायगड जिल्ह्याचा जिल्हापक्षी आहे, आणि पावसाळ्यात कर्नाळ्यासारख्या ठिकाणी घरटी करायला येतो. तिथल्या पायवाटांपैकी एकीला नावच हरियालचे आहे, म्हणजे आपल्या राज्यपक्ष्याचे. हरियालला कुणी ‘पिवळ्या पायांचे हिरवे कबूतर’ म्हणत नाही. मग तिबोटीला ‘बटू’ का करायचे?

आम्ही ती पाटी अशी लिहिली:

‘तिबोटी खंड्या. चिमणीहून लहान. पायाला तीनच बोटे, म्हणून हे नाव. पावसाळ्यात ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. घरट्यासमोर थांबू नका, कारण तुम्ही असेपर्यंत तो पिल्लांकडे जात नाही.’

शेवटचे वाक्य इंग्रजी पाटीवर नव्हते, ते आम्ही घातले. कारण तिबोटीच्या बिळासमोर कॅमेरे लावून बसणाऱ्यांची गर्दी, हीच त्याची पावसाळ्यातली मोठी अडचण आहे. पाटीवर चारच ओळी मावत असतील, तर त्यांतली एक त्या पक्ष्याच्या कामी यावी.

हिंदीतून येणारी नावे इंग्रजीपेक्षा फसवी, कारण ती परकी वाटत नाहीत. ‘पपीहा’ हे नाव एका पाटीवर तसेच ठेवले होते आणि दुसऱ्या पाटीवर त्याच पक्ष्याला ‘चातक’ केले होते. दोन्ही चूक. हिंदीतला पपीहा म्हणजे आपला पावशा. चातक हा वेगळा पक्षी: अंगाने काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला, पावसाबरोबर येणारा. पावशा दिसायला थेट शिक्र्यासारखा, राखाडी, बिनतुऱ्याचा. पावशाची हाक इंग्रजी कानाला ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू येते आणि इंग्रजी पाटीवर तसे लिहिलेलेही होते. मसुद्यात त्याचे चक्क ‘मेंदूचा ताप’ झाले होते! आपल्याकडे शेतकऱ्याला ती हाक ‘पेरते व्हा’ अशी ऐकू येते. पाटीवर तेवढे दोन शब्द लिहिले की मे महिन्याच्या अखेरीस झाडीतून हाक आली, तर वाचणारा पक्षी न बघताही त्याला ओळखतो. कोकिळाचेही तसेच. ‘कोकिळा गाते’ ही आपली साहित्यातली सवय, पण कुहूऽकुहू करणारा असतो काळा नर, कोकीळ. मादी तपकिरी, अंगभर ठिपके असलेली. पाटीवरच्या चित्रात काळा पक्षी असेल, तर खाली ‘कोकिळा’ लिहून चालणार नाही.

आता एक जोडी जरा सावकाश पाहू, कारण झाडाच्या पाटीचे खरे काम कसे चालते ते तीत दिसते. ओढ्यापासून बरेच वर, उतारावर एका झाडाला ‘अर्जुन’ अशी पाटी होती. आमच्याबरोबर पायथ्याच्या वाडीतले एक काका होते. ते म्हणाले, ‘ह्यो ऐन हाय.’ मसुदा करणाऱ्याने आपली बाजू मांडली: अहवालात ‘सादडा’ लिहिले आहे आणि कोशात सादडा म्हणजे अर्जुन. त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. अर्जुनाला अर्जुनसादडा म्हणतात, पण नुसता सादडा कित्येक ठिकाणी ऐनालाही म्हणतात. दोघे एकाच प्रजातीतले, टर्मिनॅलियाचे. दोघांच्याही फळांना पाच पंख असतात.

मग निवाडा कसा करायचा? खोडाकडे बघायचे. ऐनाची साल काळपट, खोल भेगांनी चौकोन चौकोन पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची साल पांढुरकी, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. जागाही बोलते, कारण अर्जुन पाण्याकाठी असतो, नदी-ओढ्याला धरून. ऐन उतारावर साग-किंजळांच्या संगतीत. आमच्यासमोरचे खोड काळे, चौकोनी भेगांचे होते आणि ओढा पार खाली राहिला होता. काकांचे बरोबर होते. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘ऐन’ आले, खाली बारीक अक्षरात ‘काही भागांत सादडा’, आणि त्याखाली शास्त्रीय नाव.

यातून ठरलेली पद्धत साधी आहे. नाव विचारायचे ते झाडाखाली उभे राहून, फोटो दाखवून नाही. फोटोत माणूस पान बघतो, जंगलात तो साल, वास, चीक, आजूबाजूची झाडे असे सगळे मिळून बघतो. आणि दोन वाड्यांतल्या दोन माणसांना वेगवेगळे विचारायचे, कारण एकत्र विचारले की वयाने मोठा बोलतो आणि धाकटा मान हलवतो. दोघांची नावे जुळली नाहीत, तर कुणीतरी चुकलेच आहे असे समजू नये. बहुतेक वेळा दोन्ही नावे खरी असतात. मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश चाळला तरी कळते की एकेका पक्ष्याला किती नावे आहेत. दक्षिण कोकणात धनेशाला गरुड म्हणतात. तिथल्या माणसाला ‘तुमचे चुकले’ सांगायचे कारण नाही, पण मुंबईहून आलेला पाहुणा गरुड म्हटल्यावर शिकारी पक्षी शोधणार. म्हणून मोठे नाव पुस्तकातले, खाली गावातले. गावातले नाव गाळणे मला मान्य नाही, कारण वाट चुकलेला माणूस ज्याला विचारणार, तो गावातलाच असतो.

आता नकाशा. सूचीतल्या बहुतेक ओळी सरळ आहेत. ‘फायर लाइन’ला वनखात्याचा जुना शब्द आहे जाळरेषा. डोंगराच्या उतरत्या धारेला सोंड, कातळाच्या सपाटीला कोकणात सडा. खरी काळजी पाण्यापाशी घ्यावी लागते. इंग्रजी नकाशात ‘टँक’ असा एकच शब्द आणि एकच निळा चौकोन होता. खालच्या पठारावरच्या ‘टँक’मध्ये गुरे डुंबतात, ते तळे. वर गडावरचा ‘टँक’ कातळात खोदलेला असतो, ते टाके. टाक्याचे पाणी पिण्याजोगे असू शकते, तळ्याचे नाही. दोन्हींना ‘तलाव’ केले, की वर चढणारा खालच्या तळ्यात बाटली भरतो, नाहीतर वर टाके आहे हे न कळल्याने तहानलेला परततो. आम्ही दोन खुणा केल्या, आणि टाक्याच्या खुणेपुढे ‘पिण्याचे’ किंवा ‘पिऊ नये’ असे स्पष्ट लिहिले.

ओढ्यांचे तर विचारूच नका. नकाशावर सगळे प्रवाह सारख्याच निळ्या रेघेत होते. सह्याद्रीत ऑगस्टमध्ये धो धो वाहणारा ओहोळ मार्चमध्ये नुसता गोट्यांचा पट्टा असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर पाण्याचा प्रवाह निळा आणि कोरडे पात्र काळे दाखवतात. आम्ही तसे दोन प्रकार केले: ‘बारमाही ओढा’ आणि ‘पावसाळी ओहोळ, दिवाळीनंतर कोरडा’. ‘हंगामी जलप्रवाह’ हेही व्याकरणाने बरोबर आहे, पण पाणी कधी आटते ते त्यातून कळत नाही. आणि ते नेमके कधी आटते हे पुन्हा वाडीतल्यांनाच विचारावे लागले.

सूचनांच्या पाट्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘प्रवेश निषिद्ध’ वाचून आपला माणूस हटकून पुढे जातो. ‘पुढे कडा आहे, वाट इथे संपते’ वाचून थांबतो. ‘माकडांना खाद्य देऊ नये’ लिहिताना तिथे माकडे आहेत की वानरे, हे बघावे. इंग्रजीतला ‘मंकी’ दोघांनाही चालतो, मराठीत लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर हे वेगळे. आणि ‘शांत रहा’ नव्हे, ‘शांत राहा’. शिवाय छपाईआधी रंगाऱ्याने केलेला नमुना एकदा डोळ्यांनी वाचावा. संगणकावर बरोबर असलेला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेला की जोडाक्षरे फुटतात, आणि ती चूक मग पत्र्यावर जाते.

आपल्यापैकी ज्यांचे गाव जंगलाला लागून आहे, त्यांना एक विनंती. पुढच्या सुट्टीत गावी गेलात आणि जवळच्या अभयारण्यात एखाद्या झाडाची पाटी चुकलेली दिसली, तर खोडाचा, पानाचा आणि पाटीचा असे तीन फोटो काढा. झाड नेमके कुठल्या वाटेवर आहे ते लिहा, गावातल्या जाणत्या माणसाने सांगितलेले नाव त्याच्याच उच्चारात, देवनागरीत टिपा, आणि हे सगळे त्या वनपरिक्षेत्राच्या कार्यालयात लेखी द्या. तोंडी सांगितलेली दुरुस्ती पाट्या पुन्हा रंगवायची वेळ येईपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.