व्याज वाढते तेव्हा : आठ गुणांचे एक उत्तर



अर्थशास्त्राच्या परीक्षेत हटकून येणारा एक प्रश्न आज आपल्यापुढे सोडवून दाखवावा, असे आम्ही योजिले आहे. प्रश्न असा : ‘मध्यवर्ती बँकेने पत आवळली असता महागाई कशी उतरते आणि त्यात बेकारीचा धोका का असतो, ते उदाहरणासह लिहा. गुण आठ.’ कामगार संघटनेच्या माणसाने हा प्रश्न का घ्यावा, असे कोणी विचारील. महागाई पगार खाते आणि बेकारी पगारच नाहीसा करते. या दोहोंच्या मध्ये आमचे सारे आयुष्य गेले, म्हणून.

प्रथम नमुन्याचे उत्तर वाचतो. मग गुण कोठे मिळतात ते पाहू.

‘वस्तूंच्या पुरवठ्यापेक्षा त्यांना असलेली मागणी जास्त झाली की सर्वसाधारण भाव चढतात. अशा वेळी मध्यवर्ती बँक आपला व्याजदर वाढविते. त्यामुळे बँकांना पैसा महाग पडतो व त्या कर्जावरचे व्याज वाढवितात. महाग कर्ज काढून घर, मोटार किंवा यंत्र घेणारे थांबतात. मागणी घटते, माल पडून राहतो, आणि विक्रेत्यांना भाव चढविणे अवघड होते. परंतु भाव व मजुरी ताबडतोब उतरत नाहीत. म्हणून कारखानदार आधी उत्पादन व माणसे कमी करतो. यामुळे बेकारी वाढण्याचा धोका असतो. तो किती मोठा ठरेल, हे महागाईचे कारण काय आणि ती पुढेही चालणार अशी लोकांची किती खात्री झाली आहे, यावर अवलंबून राहते. अमेरिकेत १९७९ ते १९८२ या काळात महागाई उतरली, पण बेकारी फार वाढली.’

उत्तर एवढेच. आता गुण.

पहिला गुण महागाईचा अर्थ नीट सांगण्याचा. कांदा महागला म्हणजे महागाई, असे लिहिणाऱ्यास तो मिळत नाही. बहुतेक वस्तूंचे भाव सतत चढत राहणे, हा तिचा अर्थ. म्हणून ‘महागाई १४ वरून ४ टक्क्यांवर आली’ याचा अर्थ वस्तू स्वस्त झाल्या असा नव्हे. त्या पूर्वीपेक्षा सावकाश महागू लागल्या, इतकाच.

पुढचे तीन गुण साखळीचे आहेत. बँकेचा दर, कर्जाचे व्याज, मागणी, भाव, ही ती साखळी. बहुतेक मुले ‘व्याज वाढले म्हणून महागाई कमी झाली’ एवढेच लिहितात आणि मधल्या कड्या गाळतात. त्या कड्या अमेरिकेच्या उदाहरणात स्वच्छ दिसतात. १९७९ च्या ऑगस्टमध्ये पॉल व्होल्कर हे तेथील मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, प्रमुख झाले. १९८० च्या मार्चमध्ये वर्षाची भाववाढ १४ टक्क्यांच्या वर होती. बँका एकमेकींना एका रात्रीपुरती रक्कम देतात, तिचा दर १९८१ च्या आरंभी १९ टक्क्यांवर गेला. घरासाठी तीस वर्षांच्या कर्जाचे व्याज १९७९ च्या आरंभी १० टक्क्यांच्या आसपास होते. १९८१ च्या ऑक्टोबरात ते १८ टक्क्यांच्या वर गेले. आता हिशेब करा. पन्नास हजार डॉलरच्या अशा कर्जाचा महिन्याचा हप्ता १० टक्क्यांनी सुमारे ४३९ डॉलर पडतो; १८ टक्क्यांनी ७५४. पगार तोच, घर तेच, हप्ता मात्र पाऊणपट जास्त. साहजिकच घरे बांधली जाईनात. बांधकामवाल्यांनी लाकडाचे तुकडे टपालाने व्होल्कर यांच्याकडे पाठवून दिले, कारण ते लाकूड घ्यायला कोणी उरले नव्हते. मधली कडी ती हीच.

त्यानंतरचे दोन गुण बेकारीचे. आणि आमच्या मते सर्व उत्तराचे मर्म येथे आहे. बेकारी हा औषधाचा दूरचा दुष्परिणाम आहे, असे मुले लिहितात. तसे नाही. मागणी घटविणे हीच ज्या औषधाची क्रिया आहे, त्याची वाट नोकऱ्यांच्या दारावरून जाते. कसे, ते करारात पाहा. अमेरिकेतील मोटार व पोलाद कामगारांचे वेतनकरार तीन तीन वर्षांचे असत आणि त्यांत महागाईप्रमाणे वेतन वाढण्याचे कलम असे. करार मोडता येत नाही, कच्च्या मालाचे भाव ठरलेले, कर्जाचे व्याज तर वाढलेले; मग मालकाच्या हाती लवकर कमी करण्याजोगे काय उरते? पाळी बंद करणे. भाव मागाहून नमतात, माणूस आधी घरी बसतो. १९७९ च्या उन्हाळ्यात तेथे बेकारी सुमारे ६ टक्के होती. १९८२ च्या अखेरीस ती १०.८ टक्के झाली. सुमारे १ कोटी २० लाख माणसे काम मागत होती आणि काम नव्हते. त्याच डिसेंबरात वर्षाची भाववाढ ४ टक्क्यांच्या खाली आली होती. दोन्ही आकडे एकत्र लिहिणाऱ्यालाच पुरे गुण द्यावेत.

राहिले दोन गुण तारतम्याचे. त्यातला एक, दुखणे लांबण्याचे कारण सांगण्याचा. १९८० च्या वसंतात मंदी दिसताच व्याजदर झपाट्याने खाली आला, उन्हाळ्यात ९ टक्क्यांच्या आसपास. महागाई मात्र मुरलेलीच होती. दर पुन्हा चढवावा लागला आणि १९८१ च्या जुलैपासून दुसरी, अधिक खोल मंदी आली. बँक मध्येच हात सैल सोडील असे लोकांना वाटले, की व्यापारी भाव आणि कामगार मागण्या त्याच हिशेबाने ठरवितात. मग तेवढीच महागाई उतरविण्यास जास्त बेकारी लागते. शिवाय १९८१ नंतर खनिज तेलाचे भाव उतरले, त्याचाही वाटा होता. सारे श्रेय व्याजाला देणाऱ्याचा अर्धा गुण कापावा.

शेवटचा गुण ‘धोका’ या शब्दाचा. धोका म्हणजे खात्री नव्हे. अमेरिकेतच २०२२ च्या जूनमध्ये महागाई ९.१ टक्के होती. जवळजवळ शून्यावरचा दर २०२३ च्या जुलैपर्यंत सव्वापाच टक्क्यांच्या वर नेला गेला. महागाई ३ टक्क्यांच्या आसपास आली आणि त्या वर्षभर बेकारी ४ टक्क्यांच्या खालीच राहिली. कारण त्या वेळी मालकांकडे भरावयाच्या जागा पुष्कळ होत्या. मागणी घटल्यावर त्यांनी आधी रिकाम्या जागा रद्द केल्या. आणि साथीच्या काळात अडकलेला माल पुन्हा बाजारात येऊ लागला होता. १९८२ मध्ये या दोन्ही सवलती नव्हत्या.

महागाई चालू द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. ज्याची मजुरी कराराने बांधलेली नाही, त्याला तिचाच मार सर्वांत जास्त बसतो. आमचे म्हणणे एवढेच, की व्याजदर वाढल्याची बातमी वाचाल तेव्हा दोन गोष्टी विचाराव्यात. ही महागाई जास्त मागणीची आहे की मालाच्या तुटीची? तुटीची असेल तर व्याजाने तेल निघत नाही की पीक वाढत नाही. फक्त गिऱ्हाईक कमी होते. आणि रिकाम्या जागा आहेत, की आता माणसेच कमी होणार? ही दोन उत्तरे ज्याने लिहिली, त्याला आम्ही आठपैकी आठ देऊ.