खाज एकीला, मलम साऱ्या घराला

बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ येतं आणि रात्री अंथरुणात पडलं की खाजवून जीव नकोसा होतो, तेव्हा ती बहुधा खरूज असते. अस्वच्छ माणसालाच होते म्हणतात, पण रोज आंघोळ करणारीलाही होते. अगदी बारीक किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो आणि एका अंथरुणात झोपल्यानं दुसऱ्याच्या अंगावर जातो.

समजा, आश्रमशाळेतली पोरगी उन्हाळ्याच्या सुट्टीत खाजवत घरी आली. आईनं एक ट्यूब आणून तिला लावली, ती बरी झाली. महिन्याभरानं धाकट्याला खाज सुटली, मग आजीला, आणि आजीजवळ झोपणाऱ्या त्याच पोरीला पुन्हा. औषध खोटं नव्हतं. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तोवर किडा अंगावर असतोच. म्हणून ‘मला कुठं खाजतंय?’ म्हणणाऱ्या घरधन्यालाही त्याच रात्री मलम लावायचं.

डॉक्टर बहुधा परमेथ्रिन ५ टक्के मलम देतात. ३० ग्रॅमची ट्यूब एका मोठ्या माणसाला एकदाच पुरते. तेव्हा आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना घरात माणसं किती, ते आधी सांगा. नखं कापा. झोपताना कोरड्या अंगाला मानेपासून तळपायापर्यंत लावा. बेचक्या, नखांखाली, बेंबी, छातीखाली, जांघा, काही सोडू नका. रात्री हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. ८ ते १२ तासांनी आंघोळ करा. आठवड्यानं सगळ्यांनी पुन्हा एकदा. २ महिन्यांच्या आतलं बाळ असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

त्याच सकाळी कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. गोधडी कुठं उकळणार? ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ४ दिवस बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाशिवाय किडा साधारण ३ दिवसच जगतो.

उपचारानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यानं घाबरून रोज मलम चोपडू नका. नवं पुरळ उठत राहिलं तर मात्र दाखवा. दुकानातली गजकर्णाची मिश्र मलमं नकोत. त्यांतल्या स्टेरॉइडनं खाज दबते, किडा राहतो. आणि शेतातलं फवारणीचं औषध अंगाला कधीच लावू नका. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण पाहिलंय.

फोडांत पू झाला, ताप आला, तोंड सुजलं किंवा लघवी लालसर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. असा पू मूत्रपिंडापर्यंत त्रास पोहोचवतो.

पोरगी वसतिगृहात परत जाईल तेव्हा अधीक्षकांना नक्की सांगा. तिच्या खोलीतल्या मुलींना मलम लागलं नाही, तर दिवाळीला ती पुन्हा खाजवतच घरी येईल.