पंगतीस उशीर झाला त्याबद्दल

ठाणे-बेलापूर मार्गावरील पावणे या गांवीं गेल्या मार्गशीर्षांत माझ्या पुतणीचें लग्न झालें. (पाहुण्यांनाही आमच्या बोलींत पावणेच म्हणतात!) बाराची पंगत अडीचला बसली. ध्वनिक्षेपक कर्ण्यासमोरच ठेवल्यानें शिटी निघूं लागली व मंगलाष्टकें कोणासच ऐकूं आलीं नाहींत.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें मोबाइलवर सर्वांस धाडण्यास मजकूर लिहिला: "कांहीं गैरसोय झाली असल्यास क्षमस्व." मीं त्यास थांबविलें. 'असल्यास' म्हणजे काय? उपाशीं परतलेल्या मनुष्यास आपल्या भुकेविषयीं शंका असते काय? पुढें आचाऱ्याचा टेम्पो अडकल्याची कहाणी होती, तीहि खोडली. आचारी आम्हीं ठरविला होता, पाहुण्यांनीं नव्हे. "जेवण वाढण्यांत उशीर झाला" या वाक्यांतही कर्ता सांपडत नव्हता.

अखेर असें लिहिलें: "काल आम्हीं जेवण अडीच तास उशिरां वाढलें. त्यामुळें कित्येक मंडळी न जेवतां परतलीं. ध्वनिक्षेपक आम्हीं आधीं तपासला नाहीं. चूक आमची आहे. क्षमा असावी."

तथापि न जेवतां गेलेल्यांस सर्वांबरोबरचा हा मजकूर पुरेसा नव्हता. आहेराची वही घेऊन बसलों. पंगतींत न दिसलेलीं अकरा घरें निघालीं. दहा घरीं पुतण्यानें स्वतः फोन केला. अकरावे गृहस्थ मधुमेही, वेळेवर जेवणारे. त्यांच्याकडे मीं गेलों. माझें बोलणें पुरतें होण्याआधींच त्यांनीं विचारलें, "मास्तर, मुलगी तरी वेळेवर जेवली ना?"