मजूर येतच नाहीत : लेबर एजन्सीचा करार तोडायचा कसा?

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय आपल्या जिल्ह्यातल्या कारखानदारांच्या रोजच्या डोकेदुखीचा आहे. खामगाव असो, मलकापूर असो की चिखली, जिनिंग, डाळ मिल किंवा तेल मिल चालवणाऱ्या कुणालाही विचारा. सीझन सुरू झाला, कापसाच्या गाड्या गेटवर उभ्या आहेत, एजन्सीने तीस माणसं कबूल केली आणि आली एकवीस. फोन लावला की उत्तर ठरलेलं : "भाऊ, पोट्टे निघाले होते, गाडी नाई भेटली. उद्या पक्के देतो." उद्या पुन्हा तेवीस.

असं महिनाभर चाललं की मालक एक दिवस चिडतो, फोनवरच "उद्यापासून येऊ नको" म्हणतो आणि मागचं बिल अडकवून ठेवतो. खरी भानगड इथून सुरू होते. एजन्सी बिलासाठी वकिलाची नोटीस पाठवते, आणि मजुरी न मिळालेले मजूर तुमच्याच गेटवर येऊन बसतात. म्हणून आज एवढंच पाहू, की हा करार तोडायचा तर कोणत्या क्रमाने तोडायचा.

आधी खाड्यांचा हिशेब

उदाहरण घेऊ. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत; मजुरीचा दर ठरवताना तुमच्या उद्योगाचं चालू किमान वेतन बघावंच लागतं.

समजा एका जिनिंगने एजन्सीशी तीस माणसांचा करार केला. आठवड्याला सहा दिवस, म्हणजे आठवड्याच्या १८० हजेऱ्या. एका हजेरीचा दर, एजन्सीच्या कमिशनसकट, ६०० रुपये. करारात तीन कलमं आहेत. पहिलं, आठवड्यात १० टक्क्यांपर्यंत खाडे चालतील, त्यापुढच्या प्रत्येक खाड्याला १५० रुपये कपात. दुसरं, सलग दोन आठवडे हजेरी ९० टक्क्यांखाली गेली आणि लेखी सूचनेनंतर सात दिवसांत सुधारली नाही, तर करार तोडता येईल. तिसरं, कोणताही पक्ष कारण न देता तीस दिवसांच्या नोटिशीवर करार संपवू शकेल.

चार आठवड्यांत हजेऱ्या भरल्या १६३, १४८, १४१ आणि १३८. एकूण ७२० पैकी ५९०. नुसतं "माणसं येत नाहीत" म्हणण्यात आणि हे चार आकडे समोर ठेवण्यात फार फरक आहे. पहिला आठवडा ९० टक्क्यांच्या जरा वर आहे, म्हणजे तो तक्रारीत धरायचाच नाही. पुढचे तीन मात्र सलग खाली आहेत आणि घसरतच गेलेत.

आता हा हिशेब टिकणार कशावर? इथे बहुतेक जण फक्त गेटचं रजिस्टर दाखवतात. त्यावरून किती आले ते कळतं, किती मागवले होते ते कळत नाही. जिनिंगमध्ये कापसाची आवक रोज सारखी नसते. बाजार पडला, आवक कमी झाली, की आपणच मुकादमाला सांगतो, "उद्या वीसच आण." दोन महिन्यांनी एजन्सी नेमकं हेच म्हणते : त्या दिवशी तुम्हीच वीस मागितले होते. म्हणून रोज संध्याकाळी उद्याची मागणी लेखी जायला हवी, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना : तारीख, पाळी, किती माणसं. सकाळी पाळी सुरू झाल्यावर हजेरीपत्रकावर एजन्सीच्या मुकादमाची सही. मागणी आणि सही असे दोन कागद जुळले, की खाडा सिद्ध झाला.

आणि खाडे झाले तरी जे आले त्यांच्यावर गप्प काम चालवू नका. दर शनिवारी दोन ओळींचं पत्र : "या आठवड्यात ३२ हजेऱ्या कमी पडल्या, आम्ही करारातले आमचे हक्क राखून ठेवत आहोत." महिनोन् महिने कमी माणसं मुकाट घेत राहिलात, तर समोरचा म्हणतो की तुम्हाला हे मान्यच होतं.

मग स्वतःकडे बघायचं

तोडण्याआधी एक प्रश्न विचारायचा. मजूर का येत नाहीत? सोयाबीन काढणीत, कापूस वेचणीत शेतावर रोख मजुरी मिळते तेव्हा माणसं तिकडे जाणार, हे समजण्यासारखं आहे. पण खाडे पगाराच्या तारखेनंतर वाढत असतील तर वेगळी शंका घ्या : एजन्सी मजुरी थकवत असेल. आणि एजन्सी का थकवते? कधीकधी तुमचंच बिल पंचेचाळीस दिवस अडकलेलं असतं म्हणून.

हे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम ५४ चा आशय असा : एकाचं काम दुसऱ्याने आधी आपलं काम करण्यावर अवलंबून असेल आणि ते त्याने केलं नसेल, तर त्याला समोरच्याकडून पूर्तता मागता येत नाही, उलट भरपाई द्यावी लागू शकते. म्हणजे बिल थकवलेलं असेल तर आधी ते भरा, मगच नोटीस काढा.

दोष दाखवून की नोटीस देऊन?

आता मुख्य निर्णय. आपल्या उदाहरणात दोन दरवाजे आहेत. एक, "तुम्ही करार मोडला म्हणून तोडतो." दुसरा, "कारण नाही, तीस दिवसांनी संपला."

मालकाला पहिला आवडतो, कारण राग असतो. पण त्यात प्रत्येक खाडा सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. दुसऱ्यात काही सिद्ध करावं लागत नाही, फक्त तीस दिवस काढावे लागतात. आणि यात एक संरक्षणही आहे. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ऑईल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या प्रकरणात निकाल दिला. तिथे गॅस वितरणाचा करार होता आणि त्यात तीस दिवसांच्या नोटिशीवर संपवायचं कलम होतं. करार चुकीच्या पद्धतीने तोडला असं धरलं तरी वितरकाला त्या तीस दिवसांच्या नुकसानाची भरपाई मिळेल, करार पुन्हा चालू करून मिळणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. विषय गॅसचा असला तरी तत्त्व आपल्याला लागू पडतं : नोटिशीचं कलम असेल, तर तुमची जोखीम साधारण त्या मुदतीपुरती राहते.

माझा सल्ला असा, की सुधारणेची सूचना पहिल्या दरवाजाने द्या. तिच्यात आठवड्यांचे आकडे, करारातलं कलम आणि सात दिवसांची शेवटची तारीख लिहा. सुधारणा झाली नाही आणि कागद पक्के असतील तर तिथूनच तोडा. कागदात भोकं असतील तर तीस दिवसांचा दरवाजा घ्या आणि पत्रात दोषारोप लिहू नका. करारात कारण न देता संपवायचं कलमच नसेल, तर मात्र पहिलाच रस्ता उरतो, आणि हजेरीचे कागद जास्तच जपावे लागतात.

नोटीस करारात दिलेल्या पत्त्यावर, करारात सांगितलेल्या पद्धतीने. साधारणपणे स्पीड पोस्ट पोचपावतीसह आणि त्याच दिवशी ईमेल. व्हॉट्सअ‍ॅप जोडीला ठेवा, त्याच्यावर एकट्यावर भरवसा नको. मुदत पत्र लिहिल्यापासून मोजायची की पोचल्यापासून, तेही करारात बघा.

शेवटचं बिल

आपल्या उदाहरणाचं बिल ५९० गुणिले ६००, म्हणजे ३,५४,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. कपात किती? दर आठवड्याला १८ खाडे माफ. पहिल्या आठवड्यात १७ झाले, म्हणजे कपात शून्य. पुढच्या तीन आठवड्यांत ३२, ३९, ४२, म्हणजे जादा १४, २१, २४. एकूण ५९ खाडे, १५० रुपयांप्रमाणे ८,८५० रुपये. बस. "माझं सीझनचं दहा लाखांचं नुकसान झालं" म्हणून सगळं बिल अडकवता येत नाही. करारात रक्कम ठरलेली असेल, तर कलम ७४ प्रमाणे त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

आणि आता सगळ्यात नाजूक भाग. करार एजन्सीशी असला तरी काम तुमच्या आवारात झालंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते. कंत्राटी कामगारांच्या तरतुदींना पन्नास माणसांची मर्यादा आहे, म्हणून "माझ्याकडे तीसच आहेत" असं म्हणून मजुरीतून सुटता येत नाही. पीएफ आणि ईएसआयचंही तसंच : एजन्सीने भरलं नाही तर वसुली मूळ मालकाकडे येऊ शकते.

म्हणून शेवटचं बिल देण्याआधी तीन कागद मागा : शेवटच्या दिवसापर्यंतचं मजुरी वाटपाचं पत्रक, पीएफचं चलान नावांच्या यादीसकट, आणि ईएसआयचं चलान. यादीतली नावं तुमच्या गेट रजिस्टरशी ताडून बघा. तीस माणसं काम करून गेली आणि चलानात बावीस नावं असतील, तर उरलेल्या आठ जणांपुरती रक्कम लेखी कळवून रोखा. बाकी बिल देऊन टाका. रोखायची रक्कम आणि कारण दोन्ही पत्रात असलं की भांडण तेवढ्यापुरतं राहतं.

चांगली माणसं ठेवायची असतील तर

तीसमधले दहा-बारा नियमित येणारे असतात, ते तुम्हाला हवे असतात. एजन्सी म्हणते, "माझी माणसं घेता येणार नाहीत." करार संपल्यावर मजुराने कुठे काम करावं याला बंदी घालणारी अट कलम २७ पुढे टिकणं कठीण. पण तुम्ही तिची माणसं घेतल्यास ठराविक रक्कम द्यायची, असं तुम्हीच कबूल केलेलं असू शकतं. ते कलम आधी वाचा, आणि त्यांना करार संपल्यानंतरच्या तारखेने आपल्या हजेरीपटावर घ्या, मधल्या काळात नाही.

आणि खाडे करणाऱ्या मजुराला तुम्ही स्वतः नोटीस किंवा दंड देऊ नका. तक्रार एजन्सीकडेच करा. रजा, शिस्त, दंड सगळं तुम्हीच चालवत असाल, तर ठेका नावापुरता होता आणि मजूर तुमचेच होते, असा दावा उभा राहतो. २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा दिखाऊ ठेका उघडा पाडायची वाट मोकळी ठेवलेली आहे.

नवीन एजन्सी जुनी जायच्या एक आठवडा आधी बोलावून ठेवा, पण दोघांची हजेरीपत्रकं वेगळी ठेवा. नाहीतर कुणाचा खाडा कुणाच्या नावावर, याचाच वाद पुढच्या सीझनपर्यंत पुरेल.

आज एवढंच. तुमच्या करारातलं कलम वेगळं असेल तर वकिलाला दाखवा, पण दाखवायला जाताना हजेरीची पत्रकं बरोबर न्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.