एका मुलाचा वर्षाचा खर्च किती?

(देणगीदारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्यापैकी पुष्कळ जण विचारतात, “शिकवणी वर्गातल्या एका मुलाचा वर्षाचा खर्च किती? तेवढी रक्कम आम्ही देतो.” प्रश्न सरळ आहे आणि तो विचारायलाच हवा. पण एकच आकडा सांगून मी खाली बसलो, तर तो आकडा खरा असूनही आपली समजूत चुकीची होईल. म्हणून आज तो आकडा कसा तयार होतो, ते आपण मिळून पाहू.

चाकण एमआयडीसीच्या भोवती खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, म्हाळुंगे या गावांत पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातून आलेली महादेव कोळी व ठाकर कुटुंबे तिथे राहतात. आसपासच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे असतात. अशा ठिकाणी नववी-दहावीचा संध्याकाळचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. दहावीच का, हे या पट्ट्यात कोणालाही कळेल. आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियनला प्रवेश घ्यायचा तर दहावी पास असावे लागते. ती अडली की कंपनीच्या गेटमधून आत जाण्याची वाट बहुधा ठेकेदाराच्या हाताखालून जाते.

आता या वर्गाचा खर्च मांडू. हिशेब समजावा म्हणून मी गोल आकडे घेतले आहेत. दोन शिक्षक आहेत, एक गणित-विज्ञानाला आणि एक भाषांना. प्रत्येकाला महिना ९,००० रुपये मानधन. वर्ग जून ते मार्च असे दहा महिने चालतो, पण मानधन बारा महिन्यांचे धरायचे. कारण एप्रिल-मे मध्ये पैसे थांबले, तर बी.एस्सी. झालेला तरुण त्याच दोन महिन्यांत एखाद्या कारखान्यात कामाला लागतो आणि जूनमध्ये परत येत नाही. तर मानधनाचे झाले २,१६,००० रुपये. खोलीचे भाडे विजेसह महिना ३,०००, म्हणजे वर्षाचे ३६,०००. दोन्ही मिळून २,५२,०००. हा झाला स्थिर खर्च. वर्गात पाच मुले बसोत की पस्तीस, तो तेवढाच राहतो.

दुसरा खर्च मुलागणिक होतो. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, नववीपासून ती विकत घ्यावी लागतात. पुस्तकांचे ७००, वह्यांचे ६००, सराव प्रश्नपत्रिका व झेरॉक्सचे ५००, कंपासपेटी व पेनांचे २००. एका मुलामागे २,००० रुपये. मूल वाढले की हा खर्च वाढतो, मूल कमी झाले की कमी होतो.

आता भागाकार करू. वर्गात ३६ मुले असली तर स्थिर खर्चाचा प्रत्येकाचा वाटा ७,००० आणि साहित्याचे २,०००. म्हणजे एका मुलाचा खर्च ९,००० रुपये. मुले २४ असली तर वाटा होतो १०,५०० आणि खर्च १२,५००. मुले १८ असली तर वाटा १४,००० आणि खर्च १६,०००. शिक्षक तेच, खोली तीच, वहीची किंमतही तीच. बदलली ती फक्त मुलांची संख्या. म्हणून “एका मुलाचा खर्च” ही पुस्तकाच्या मागे छापलेल्या किमतीसारखी ठरलेली गोष्ट नाही. वर्गात किती मुले आहेत, यावर तो आकडा वरखाली होत राहतो.

इथे एक गैरसमज होतो. समजा, प्रत्येक मुलामागे ९,००० असे गृहीत धरून ३६ मुलांचा वर्ग ठरवला, पण देणगीदार २४ च मिळाले. कोणी म्हणेल, “मग २४ मुलेच घ्या, हिशेब जुळेल.” तो जुळत नाही. २४ देणग्यांचे येतात २,१६,०००. खर्च होतो स्थिर २,५२,००० अधिक साहित्याचे ४८,०००, म्हणजे ३,००,०००. तूट ८४,००० ची. बारा मुले कमी घेतल्याने वाचले फक्त २४,०००, आणि जमा मात्र १,०८,००० ने घटली. ही तूट बहुतेक वेळा शिक्षकाच्या मानधनातून भरून काढली जाते. मग तो जानेवारीत, ऐन परीक्षेच्या तोंडावर, वर्ग सोडून जातो आणि उरलेल्या मुलांचे वर्ष धोक्यात येते.

याची दुसरी बाजूही आहे. वर्ग चालू असताना बसायला जागा असेल, तर आणखी एक मूल घेण्याचा खर्च ९,००० नसतो, फक्त २,००० असतो. म्हणून ऑगस्टमध्ये एखादी आई मुलीला घेऊन दारात आली, तर “हिच्यासाठी देणगीदार नाही” म्हणून परत पाठवण्याचे कारण नाही.

पण याला मर्यादा आहे. खोलीत ४० मुले बसतात असे धरू. चाळिसाव्या मुलापर्यंत खर्च उतरत ८,३०० वर येतो. एक्केचाळिसावे मूल आले की दुसरी तुकडी करावी लागते. त्याच शिक्षकांनी रोज दोन तुकड्या घ्यायच्या तर प्रत्येकी महिना ५,००० वाढवून द्यावे लागतील, म्हणजे वर्षाला १,२०,००० जास्त. लगेच एका मुलाचा खर्च ११,००० च्या वर जातो, आणि तो पुन्हा ८,३०० च्या खाली यायला ६० मुले लागतात. खर्च असा पायरीपायरीने चढतो. पायरी टाळण्यासाठी त्याच खोलीत ५० मुले कोंबली तर कागदावर आकडा सुंदर दिसेल, पण वह्या तपासल्या जाणार नाहीत. खर्च उतरत असेल आणि त्याबरोबर चाचणीचे गुणही उतरत असतील, तर नेमके हेच घडत आहे असे समजावे.

आता सर्वांत नाजूक भाग. भागायचे कोणत्या संख्येने? जूनमध्ये ३६ नावे दाखल झाली. दिवाळीनंतर भट्ट्या पेटतात, आईबाप दुसऱ्या गावच्या भट्टीवर जातात आणि त्यांच्याबरोबर १२ मुले जातात. नोव्हेंबर ते मार्च वर्गात २४ मुले उरतात. साहित्य ३६ जणांना दिलेले आहे, म्हणून एकूण खर्च ३,२४,०००. दाखल मुलांनी भागले तर ९,०००. दर महिन्याच्या हजेरीची सरासरी काढली, म्हणजे पाच महिने ३६ आणि पाच महिने २४, तर ती ३० येते आणि खर्च १०,८००. शेवटपर्यंत टिकलेल्या २४ मुलांनी भागले तर १३,५००.

तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण ती तीन वेगळ्या प्रश्नांची आहेत. पहिले सांगते, किती मुलांना दार उघडले. दुसरे सांगते, प्रत्यक्ष किती शिकवणे झाले. तिसरे सांगते, परीक्षेपर्यंत पोहोचलेल्या एका मुलामागे किती लागले. अहवालात फक्त पहिला आकडा दिसला तर उरलेले दोन मागून घ्यावेत. हजेरीपटही पाहावा. ज्या पटात दहाही महिने ३६ च्या ३६ मुले आहेत, तो पट या पट्ट्यात तरी वर्गात बसून भरलेला नसतो.

गेलेल्या मुलांमुळे काय वाचवता येते? थोडेसे. पुस्तके जूनमध्ये द्यावीच लागतात. पण निम्म्या वह्या आणि सराव प्रश्नपत्रिका दिवाळीनंतर दिल्या, तर एका मुलामागे ८०० रुपये हाती राहतात. बारा मुलांचे ९,६००. पुस्तके परत घेऊन पुढच्या वर्षीच्या मुलांना देता येतात, अभ्यासक्रम बदलला नसेल तोवर. यापेक्षा जास्त वाचत नाही, कारण मोठा खर्च साहित्यात नाहीच. ३,२४,००० मध्ये वह्या-पुस्तके आहेत ७२,००० ची. रुपयातले ६७ पैसे शिक्षकाचे मानधन आहे. आपल्याला वह्या वाटायला आवडते, फोटोही चांगला येतो, पण वह्यांच्या गठ्ठ्याने वर्गाचे कुलूप उघडत नाही.

आणि म्हणूनच कमी खर्चाच्या मागे लागण्यात एक धोका आहे. खेडच्या पश्चिमेकडच्या एखाद्या वाडीवर असाच वर्ग घ्या. समाजमंदिर फुकट मिळते, म्हणून भाडे नाही, पण मुले १८ च आहेत. एका मुलाचा खर्च १४,००० होतो. चाकणचे ९,००० आणि हे १४,००० शेजारी ठेवले की कोणीही म्हणेल, वाडीचा वर्ग बंद करा. पण ती १८ मुले रोज संध्याकाळी चाकणला येऊन रात्री परत जाऊ शकत नाहीत. वाडीचा वर्ग बंद झाला तर ती ९,००० मध्ये शिकणार नाहीत, शिकणारच नाहीत. त्याच न्यायाने चाकणच्या वर्गातून कातकरी मुलांना जूनमध्येच दाखला नाकारला, तर टिकलेल्या मुलांचा हिशेब चांगला दिसेल. ज्यांच्यासाठी वर्ग काढला ती मुले तेवढी बाहेर राहतील.

म्हणून देणगी दोन भागांत द्यावी, अशी माझी विनंती आहे. पहिला भाग वर्गासाठी. मानधन आणि भाडे मिळून महिन्याला २१,००० लागतात. हे दहा-बारा कुटुंबांनी किंवा एखाद्या मंडळीने बारा महिन्यांसाठी पत्करावे, मुले किती आली याच्याशी ते बांधू नये. दुसरा भाग मुलासाठी, २,००० रुपये, जितकी मुले तितका. असे केले म्हणजे दिवाळीनंतर एखादे कुटुंब भट्टीवर गेले तरी शिक्षकाचे मानधन थांबत नाही. आणि त्या कुटुंबातले मूल जूनमध्ये परत आले, तर वर्ग चालू असतो, फळ्यापुढे तोच शिक्षक उभा असतो, आणि त्याला पुन्हा बसवायला २,००० पेक्षा जास्त लागत नाहीत.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.