सबस्क्रायबर किती, हे कोण विचारतं?

आमच्या प्रभागसंघात आता दर दोन-तीन गटांमागे एखाद्या घरात तरी मोबाईलवर व्हिडिओ करणारी मुलगी किंवा सून आहे. कुणी भाकरी-पिठलं दाखवतं, कुणी गोधडी शिवतं, कुणी शेळ्यांची माहिती सांगतं. यातली एखादी नोकरीला अर्ज करते तेव्हा ही व्हिडिओची मेहनत अर्जात कशी मांडावी, याबद्दल आज बोलणार आहोत. नोकरी कोणती हेही आधीच सांगतो. तलाठी भरतीत किंवा बँकेच्या परीक्षेत याचा उपयोग नाही. मसाल्याची, तेलाची, बियाण्याची, कपड्यांची कंपनी, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा एखादं मोठं दुकान आपल्या मालाचे व्हिडिओ करायला माणूस शोधतं, तिथलं हे बोलणं आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीचं उदाहरण घेऊ. बी.कॉम. झालेली. आईबरोबर गावाकडच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करते, यूट्यूबवर ४१ हजार सबस्क्रायबर. जिल्ह्याच्या गावी एका मसाला कंपनीत ‘सोशल मीडिया’ची जागा निघाली. तिने बायोडाटा केला आणि ही सगळी मेहनत शेवटी ‘छंद’ या मथळ्याखाली एका ओळीत लिहिली: ४१ हजार सबस्क्रायबर. कंपनीकडून काहीच उत्तर आलं नाही.

का आलं नाही, हे गटातल्या बायकांना समजायला अवघड नाही. आपण बँकेत कर्जाला जातो तेव्हा साहेब गटात बायका किती, एवढ्यावर थांबतो का? तो पंचसूत्री बघतो. बैठका नियमित आहेत का, बचत वेळेवर जमते का, अंतर्गत कर्ज फिरतंय का, परतफेड होते का, वह्या लिहिलेल्या आहेत का. सबस्क्रायबरचा आकडा म्हणजे गटाची सदस्यसंख्या. मालकाला वही बघायची असते.

ती वही मोबाईलमध्येच असते. यूट्यूब स्टुडिओ नावाचं ॲप आहे, त्यात आपल्या प्रत्येक व्हिडिओचा हिशेब दिसतो. मुलीने तो उघडून महिन्याहून जुन्या व्हिडिओंतले शेवटचे अकरा काढले. एक उकडीच्या मोदकांचा, गणपतीच्या आधी टाकलेला, तो ३ लाख १० हजार वेळा बघितला गेला होता. बाकीचे दहा मिळून ५३ हजार. सगळ्यांची सरासरी काढली तर ३३ हजार येते, आणि तिने आनंदाने तीच लिहायला घेतली. पण तो आकडा एका मोदकाने फुगवलेला आहे. गावातल्या एका बागायतदारामुळे गावाचं सरासरी उत्पन्न वाढावं, तसं. म्हणून अकराही व्हिडिओ मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडले आणि मधला, सहावा, घेतला. तो निघाला ५,४००. बायोडाट्यात हाच लिहिला, मोदकांचा व्हिडिओ वेगळ्या ओळीत आणि शेजारी हिशेबाची तारीख. लहान आकडा लिहून नुकसान होईल असं आईला वाटत होतं. पण मुलाखत घेणारा चॅनेल उघडून खाली सरकवतो तेव्हा त्याला चार-पाच हजारच दिसतात. तिथे ३३ हजाराचा दावा पडला की पुढचं काही तो ऐकत नाही. पैसे देऊन विकत आणलेले फॉलोअरही असेच उघडे पडतात: लाखभर फॉलोअर आणि व्हिडिओखाली चारच प्रतिक्रिया, त्याही परक्या भाषेत.

दुसरा आकडा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. लोक एक व्हिडिओ सरासरी किती वेळ बघतात, हे स्टुडिओत मिनिटा-सेकंदांत दिसतं, आणि कुठल्या सेकंदाला लोक निघून गेले याचा आलेखही दिसतो. या मुलीचे व्हिडिओ सात मिनिटांचे असत. वर्षापूर्वी लोक सरासरी २ मिनिटं ५ सेकंद थांबत. आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटातच घसरलेला होता, कारण सुरुवातीला गाणं, नमस्कार, चॅनेलला लाईक करा, असं लांबण होतं. तिने ते काढून पहिल्याच दृश्यात तव्यावरची भाकरी दाखवायला सुरुवात केली. पुढच्या व्हिडिओंना लोक ३ मिनिटं १० सेकंद थांबू लागले. हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं, तिला ते काम वाटतच नव्हतं! मालकाला तर नेमकं हेच हवं असतं: अडचण दिसली, कारण शोधलं, बदल केला, फरक मोजला. या चार ओळी आता ‘अनुभव’ या मथळ्याखाली वर आल्या.

आता ब्रँडचं काम. तिने एका लाकडी घाण्याच्या तेलवाल्यांसाठी एक व्हिडिओ आणि दोन रील केले होते. मोबदला ६ हजार रुपये आणि पाच लिटर तेल. पहिल्या अर्जात ‘ब्रँडसोबत काम’ एवढंच होतं. नव्यात तिने लिहिलं की संहिता, चित्रीकरण आणि संपादन स्वतः केलं, ठरल्या तारखेला दिलं, आणि तिच्या नावाच्या कूपनवर महिन्याभरात ५८ ऑर्डर आल्या. कूपन न वापरता दुकानात जाऊन तेल घेणारे यात मोजलेले नाहीत, आणि तेलवाल्यांची सगळी वाढ आपल्यामुळे झाली असंही तिने म्हटलं नाही. ऑर्डरचा आकडा तेलवाल्यांचा आहे, म्हणून तो लिहायला त्यांची परवानगी व्हॉट्सॲपवर लेखी घेतली. चौकशीसाठी त्यांचा फोन नंबर द्यायलाही त्यांनाच विचारलं. पुरावा म्हणून बिल आणि बँकेतली नोंद फाईलला लावली. एका कंपनीने नुसता तवा पाठवला होता, ते काम ‘वस्तूच्या बदल्यात’ असं स्पष्ट लिहून ठेवलं.

इथे एक गोष्ट बऱ्याच मुली विसरतात. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन मालाची शिफारस केली, तर ते बघणाऱ्याला स्पष्ट सांगावं लागतं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली तसे नियम केले, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. फुकट आलेला तवासुद्धा यात मोडतो. यूट्यूबवर व्हिडिओ टाकताना सशुल्क प्रसिद्धीची खूण करायची सोय आहे. नोकरी देणारा जुने व्हिडिओ बघताना ही खूण आहे का ते पाहतो, कारण उद्या तीच मुलगी त्याच्या मालाचे व्हिडिओ करणार असते आणि तक्रार आली तर कंपनीचं नाव जातं. आमच्या मुलीच्या तव्याच्या व्हिडिओवर खूण नव्हती. अर्जाआधी तिने ती केली आणि खाली वर्णनातही ‘तवा कंपनीकडून मोफत मिळाला’ असं लिहिलं.

तोच बायोडाटा, दीड पानाचा, तिने दुसऱ्या एका मसाला कंपनीला पाठवला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. आकड्यांच्या छापील चित्रांवर त्यांचा भरवसा नव्हता. कुणीही चित्र बदलू शकतं. त्यांनी समोरच मोबाईलवर स्टुडिओ उघडायला सांगितलं. उघडलं, आकडे जुळले. मग खरा प्रश्न आला: नोकरी लागल्यावर तुमच्या चॅनेलचं काय? तुम्ही आमच्या वेळेत तुमचेच व्हिडिओ करणार नाही कशावरून? याचं उत्तर घरी ठरवून गेली होती म्हणून बरं. चॅनेल रविवारी चालेल, दुसऱ्या कुठल्याही मसाल्याची जाहिरात घेणार नाही, आणि चॅनेल तिच्याच नावावर राहील. शेवटचा मुद्दा मालकांना फारसा रुचला नाही, पण तिने सोडला नाही. तिन्ही गोष्टी नेमणूकपत्रात लिहून आल्यावरच तिने सही केली. सहा महिने उमेदवारीचे आहेत, त्यातले दोन झालेत, आणि सध्या तिच्याकडे गोड्या मसाल्याचं काम आहे.